हाडात डाग नाही

एमआरआय सेंटरमध्ये रिपोर्ट टाईप करणारी बाई म्हणजे अर्धी डॉक्टर, असं आमच्या कुडव्यातल्या लोकांना वाटतं. कोणाचा खांदा दुखला की माझं दार वाजतं. अर्धी डॉक्टर कसली, मी पूर्ण टायपिस्ट आहे. डॉ. बिसेन कॉम्प्युटरवर फोटो बघत बोलत जातात आणि मी टाईप करत जाते. पण चार वर्षं गुडघेच गुडघे टाईप केल्यावर कोणत्या ओळीला माणसाचा चेहरा उतरणार, एवढं कळायला लागतं. घरच्याच माणसाचा गुडघा समोर येईल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ रत्नपाल पोलिसात लागला तेव्हा आईने अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. ट्रेनिंगचे पाच महिने झाले आणि भिंतीवरून उडी मारताना त्याचा गुडघा आत वळला. तेव्हापासून पाय सरळच होईना. ट्रेनिंग सेंटरने त्याला चिठ्ठी देऊन एमआरआयसाठी घरी पाठवलं. चिठ्ठीत विचारलं होतं, दुखापत ताजी की जुनी? ताजी असेल तर सरकार ऑपरेशन करणार आणि तो पुढच्या बॅचमध्ये बसणार. जुनी असेल तर त्याने ती लपवली, म्हणून नाव कटणार.

आता खरं सांगायचं तर जुनी होती. पाच वर्षांपूर्वी जवळच्या नागरा गावात कबड्डी खेळताना कोणीतरी त्याचा पाय धरला, अंग फिरलं आणि पाऊल जागच्या जागी राहिलं. संध्याकाळपर्यंत गुडघा फुगला. एका वैदूने चोळून पट्टी बांधली, महिन्याभरात पोरगा धावायला लागला. सरळ धावताना काही नाही. वळताना कधीमधी म्हणायचा, "ताई, आतून सरकून राहिला." भरतीच्या मैदानावर सरळच धावायचं होतं. फॉर्मवर 'पूर्वीची दुखापत' पुढे त्याने 'नाही' लिहिलं. आम्ही घरात सगळे होतो आणि कोणी एक अक्षर बोललं नाही.

मशीनमधून तो लंगडत बाहेर आला आणि आईजवळ बाकावर बसला. मी आत डॉक्टरांच्या मागे उभी राहिले.

आमच्या त्या फोटोंत पाणी पांढरं दिसतं आणि धडधाकट लिगामेंट काळी दिसते. गुडघ्याच्या मधोमध समोरच्या लिगामेंटची एक काळी, ताणलेली पट्टी तिरपी उतरायला हवी. वर मांडीच्या हाडाला धरलेली, खाली नडगीच्या हाडाला पुढे बांधलेली. रत्नपालच्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. फक्त एक बारीक तंतू खाली आडवा पडून मागच्या लिगामेंटला टेकला होता. ती मागची लिगामेंटसुद्धा कमानीसारखी वाकली होती, कारण नडगीचं हाड पुढे सरकलं होतं.

"और ये देखो," डॉक्टर म्हणाले. आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती. फाटलेला तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मधे येऊन बसला होता. मागच्या लिगामेंटखाली तो दुसरी काळी पट्टी होऊन दिसत होता. त्यामुळेच पाय अडकला होता.

मला ते सगळं नको होतं. मी डाग शोधत होते. समोरची लिगामेंट तुटते तेव्हा दोन हाडं एकमेकांवर आपटतात आणि हाडाच्या आत मुका मार लागून सूज येते. मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूला, नडगीच्या हाडाला मागे. तिथे ढगासारखे पांढरे डाग उमटतात आणि कित्येक आठवडे जात नाहीत. आठवड्याभरापूर्वीची दुखापत असेल तर ते बहुतेक हमखास दिसतात. लोक डाग नसावा म्हणून देवाला हात जोडतात. मी माझ्या भावाच्या हाडात डाग असावा म्हणून डोळे ताणत होते. दोन्ही हाडं स्वच्छ होती.

मी कीबोर्डसमोर बसले आणि डॉक्टर बोलायला लागले. समोरची लिगामेंट पूर्ण तुटलेली, क्रॉनिक, म्हणजे जुनी. हाडात सूज नाही. कूर्चा झिजायला लागलेली. माझी बोटं थांबली.

"सर, हाडाची ती ओळ लिहायलाच पाहिजे का?"

त्यांनी खुर्ची वळवली. भाऊ कोणाचा ते त्यांना माहीत होतं. "रंजिता, ओळ काढून काय होईल? फिल्म त्यांच्या डॉक्टरसमोर लागणार. तो आंधळा थोडीच आहे."

"पण गादी तर आत्ता फाटली ना? गेल्या आठवड्यापर्यंत पाय सरळ होत होता त्याचा."

"मलाही तसंच वाटतं. पण फाटलेल्या गादीचं वय फोटोवर लिहिलेलं नसतं." "लिखो. मेनिस्कसची फाट अलीकडची असू शकते. एवढं मी लिहू शकतो."

मी ते वाक्य टाईप केलं. सगळी आशा त्या एका 'असू शकते'वर टांगून मी प्रिंट काढली.

बाहेर आईने विचारलं, "हाड तं साबूत आहे ना वं?"

"हो."

"मंग झालं. हाड साबूत आहे तं बाकी सब भरून येते. मी उगाच जीव टांगणीले लावला." तिने पदराने तोंड पुसलं आणि रत्नपालच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला बघवेना. ज्या साबूत हाडाने पोराची वर्दी जाणार होती, त्याच हाडावर ती खूश होती. आणि मी तिला सांगू शकले नाही.

रत्नपाल माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असावं. "ताई, डॉक्टर जुनाच म्हणते का?" त्याने हळूच विचारलं. मी मान डोलावली.

ट्रेनिंग सेंटरचं पत्र आलं. त्यात 'क्रॉनिक' होतं, फॉर्मवरचं 'नाही' होतं आणि सेवेतून कमी केल्याचा हुकूम होता. 'असू शकते' कुठेच नव्हतं. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला डॉक्टरांचा राग आला, वैदूचा आला, रत्नपालचा आला, सगळ्यात जास्त त्या स्वच्छ हाडांचा आला. आईला वाटलं, रिपोर्ट बदलला असेल. "हाडाले काहीच नसन झालं तं काढलं काऊन?" ती येईल-जाईल त्याला विचारत होती.

डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, लिगामेंट नंतर बसवता येईल, पण उलटलेली गादी लवकर जागेवर शिवायला हवी. उशीर झाला की ती शिवण्यासारखी राहत नाही, कापून टाकावी लागते, आणि मग गुडघा भराभर झिजतो. मी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावला. तारीखही मिळाली.

त्या सकाळी मी पिशवी भरून, फिल्म घेऊन उभी राहिले. रत्नपाल खाटेवर बसला होता. वाकलेल्या पायाखाली उशी होती.

"चाल. गाडीची वेळ होऊन राहिली."

"मी नाही येत."

"असं काऊन करतोस? आत्ता शिवलं नाही तर पाय कायमचा वाकडा राहील."

"राहू दे ना." त्याचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही, याचीच मला भीती वाटली. "सरळ पाय धावाले पाहिजे होता, ताई. आता कायले?"

मी खूप बोलले. आई बोलली, हात जोडले, रडली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तारीख गेली. नंतर मिळालेली तारीखही गेली.

मी अजून गुडघे टाईप करते. रत्नपाल अंगणात काठी घेऊन चालतो, टाच न टेकवता.