बेसमेंटचा चढ

गाडी विकायचं बाबांनी आधी ठरवलं आणि मग आईला सांगितलं. आमच्या घरची पद्धतच ती. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. आईकडे लायसन्स होतं, हौसही होती. पण आमच्या बावधनच्या सोसायटीत बेसमेंटमधून वर येणारा रस्ता चांगलाच उभा. रस्त्याला लागण्याआधी त्या चढावरच थांबावं लागतं आणि तिथे तिची गाडी हमखास बंद पडायची. "सरोजिनी, हे तुझं काम नव्हे," म्हणत बाबांनी मांजरी गावच्या हिंदुरावांना गाडी द्यायचा शब्द देऊन टाकला.

आज हिंदुराव गाडी न्यायला आले. मी कालच बंगळुरूहून आले होते.

"वर मीच आणते, एकदा तरी," आई म्हणाली. बाबा शेजारी बसले, मी मागे.

वाहनं जाईपर्यंत आई चढावर थांबली. मग ब्रेक सोडून पाय अॅक्सिलरेटरकडे नेईपर्यंत गाडी मागे सरकली. घाबरून तिने क्लच एकदम सोडला. आचका देऊन गाडी बंद!

"क्लच दाब! ब्रेक! अगं, अॅक्सिलरेटर!" बाबांचे हुकूम तीन, बिचारीचे पाय दोन.

"आई, हँडब्रेक का नाही ओढत?" मी विचारलं.

"तो गाडी लावून ठेवायला असतो," दोघंही एकदम म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. बाबांचे पाय चपळ, त्यांना कधी हँडब्रेक लागला नाही. म्हणून बायकोलाही लागू नये?

"हँडब्रेक ओढ. क्लच दाबून गाडी चालू कर, पहिला गिअर टाक. आता ब्रेकवरचा पाय काढ, गाडी जागची हलणार नाही. थोडा अॅक्सिलरेटर दे आणि क्लच सावकाश वर येऊ दे. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरा उचललं, की पाय तिथेच धर."

आवाज जड झाला. बॉनेट उचललं.

"आता हँडब्रेक सोड. अजून थोडा अॅक्सिलरेटर. क्लच अगदी हळू."

गाडी तसूभरही मागे न जाता वर चढली. इतकंच होतं! मला आनंदाऐवजी रडूच आलं. गेल्या दिवाळीत फोनवर आई म्हणाली होती, "गाडी चढावर बंद पडते गं." मी म्हणाले होते, "बाबांना विचार."

फाटकापाशी तिने गाडी नीट उभी केली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबा किल्लीकडे पाहत राहिले.

"मला वाटलं, तुला जमणारच नाही," ते म्हणाले. "आता शब्द दिलाय गं."

"द्या त्यांना," आई म्हणाली. "पण अहो, शब्द देण्याआधी एकदा मला विचारायचं होतंत."

हिंदुराव हसतमुखाने पुढे आले. आई अजून सीटवरून उठली नव्हती.