बोनेटवरचा आकडा

सखाच्या टेम्पोच्या बोनेटवर कुणीतरी पांढऱ्या रंगानं आकडा काढला होता, आणि तो पाहताच ठमीनं डोक्यावरचा भारा खाली टाकला.

चिखलोलीच्या अंगाला रस्त्यालगत पोलिसांचं एक मोकळं आवार होतं. धरून आणलेल्या, बेवारस सापडलेल्या गाड्या तिथं कुंपणाआड पडलेल्या असत. कुड्याच्या पानांचे भारे घेऊन अंबरनाथला विकायला जाताना ठमी दर खेपेला तारेशी थांबायची. टेम्पो जागेवर आहे ना, एवढंच बघायचं. दिवाळीपर्यंत तो धड होता. मग एकदा त्याचे दिवे गेले. होळीच्या सुमाराला मागचं एक चाक गेलं आणि टेम्पो लंगड्या बैलासारखा कलला. चाकाच्या जागी गवत उगवलं, वाळलं. तरी तिचा नवरा सखा म्हणायचा, "पडूं दे. सरकारच्या कोंडवाड्यात हाय. आपला नंबर हाय त्यावर. कोन नेतंय?"

बारवी धरणाच्या पाण्यात त्यांचं शेत गेलं, त्याच्या मोबदल्याच्या पैशात हा जुना टेम्पो आला होता. शेताच्या बदल्यात चार चाकं, असं वाडीतले लोक हसायचे. पण दोन वर्षं त्या चाकांनी घर चालवलं. वाडीचं गवत, जांभळं, काकड्या उल्हासनगरच्या बाजारात जायच्या. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्याअखेरीस रस्त्यातच टेम्पोचा आस मोडला. सखा मिस्त्री शोधायला गेला, तो हिवतापानं फणफणून थेट दवाखान्यातच पडला. इकडे रस्त्यात आडव्या पडलेल्या, धनी नसलेल्या गाडीला पोलिसांनी उचलून नेलं.

बरा झाल्यावर सखा एकदा आवारात गेला होता. तिथल्या हवालदारानं विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?" टेम्पो विकणारा उल्हासनगरचा शेठ. सह्या केलेला एक कागद त्यानं दिला होता, पण तो घेऊन ठाण्याला आरटीओत जायचं, गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, हे सखानं आज-उद्यावर टाकलं ते टाकलंच. "मग त्या शेठला घेऊन या, नाहीतर अर्ज लिहून द्या," हवालदार म्हणाला. शेठ जुनं घर सोडून कुठंतरी निघून गेला होता. अर्ज लिहायचा कसा, हे विचारायची सखाला लाज वाटली. तो गुपचूप परत आला. भातकापणी तोंडावर होती.

आणि आता हा आकडा.

घरी येताच ठमी नवऱ्याला म्हणाली, "देऊच्या बा, आपल्या टेम्पोवर आकडा घातलाय."

"मोजणी करत असंल."

"जंगलात साहेब झाडावर हातोडी मारून आकडा घालतो, तवा मोजणीच असते व्हय? आकडा घातलेलं झाड कंधी उभं ऱ्हायलेलं बघितलंस?"

ठमीनं जन्मभर जंगलखात्याच्या कूपात, तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूड तोडलं होतं. आकड्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. तरी सखा पुटपुटला, "दवंडी नाय झाली अजून. माज्या बापाचा बैल कोंडवाड्यात गेलता, तवा कोतवाल ढोल बडवत वाडीत आलता. दवंडी पिटल्याबगर सरकार इकत नाय."

दुसऱ्या दिवशी ठमीनं त्याला हाताला धरून उठवलं.

फाटकाशी रामभाऊ हवालदार खुर्ची टाकून बसला होता. जप्तीच्या मालाची राखण त्याच्याकडे असायची. त्यानं सखाला ओळखलं आणि मान हलवली. "मामा, आत्ता आलात? उद्या लिलाव."

"कसला?" सखानं विचारलं, जणू त्याला ठाऊकच नव्हतं.

"या सगळ्यांचा. नोंदलेल्या मालकाच्या पत्त्यावर नोटीस गेली, ती तशीच परत आली. मग जाहीरनामा निघाला. सहा महिन्यांत ज्याचा हक्क असेल त्यानं येऊन शाबीत करावा. कुणी आलं नाही. मुदत संपली, वरून हुकूम झाला. आता मालक सरकार."

"दवंडी कुटं पिटली?" ठमीनं विचारलं.

"दवंडी? बाई, गुरं आहेत का ही? पोलीस ठाण्याच्या फळ्यावर कागद लावला होता. पेपरातही आलं होतं."

"आमच्या वाडीत पेपर येत नाय."

"कायदा वाडीवाडीत जाऊन हाका मारत नाही, बाई."

"पर मी आलतो," सखा म्हणाला. "तुमच्याशीच बोललो की."

रामभाऊनं नजर वळवली. "बोललात. लिहून कुठं दिलंत? साधा अर्ज आणि तो सह्यांचा कागद जोडला असता, तर तुमचा दावा चौकशीला गेला असता. तोवर गाडीला हात लागला नसता. तोंडच्या बोलण्याची नोंद मी कुठं करू?"

"आता लिवतो. कुनाकडनं बी लिवून घेतो."

"आता कशावर लिहिणार, मामा? हक्कच उरला नाही." तो आवाज उतरवून म्हणाला, "उद्या या. बोली लावायला कुणालाही मुभा आहे. फक्त अनामत आधी भरावी लागते."

आपलाच टेम्पो आपण विकत घ्यायचा! परतीच्या वाटेवर सखा एकदाच हसला, आणि ते हसणं ठमीला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

अनामत भरण्याइतकं घरात काही निघालं नाही. तरी सकाळी दोघं फाटकाशी आली. आत भंगारवाले जमले होते, चहा पीत, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत. गाड्यांकडे कुणी बघत नव्हतं. कोण काय घेणार, हे त्यांचं आधीच ठरलेलं दिसत होतं. लिलाव घेणाऱ्या साहेबांनी आकडा पुकारला की एक जण बोली करी, दुसरा नावाला थोडी चढवी, आणि बाकीचे जांभया देत. सखाच्या टेम्पोचा आकडा आला तेव्हा सखा तारेला बिलगून उभा होता. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर साहेबांनी पुढचा आकडा घेतला. एवढ्यात संपलं.

घेणारा लालचंद नावाचा उल्हासनगरचा भंगारवाला. रामभाऊनं त्याला सखाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, तसा तो फाटकाशी आला. माणूस वाईट नव्हता. "मामा, आपकी थी ना? क्या करें. आमी नाय घेतली तर दुसरा घेतला असता."

सखानं कमरेच्या करगोट्यातून चावी सोडली आणि तारेतून पुढं केली. "थंडीत लवकर सुरू व्हत नाय. दोनदा दम द्यावा लागतो."

लालचंद चावीकडे बघत राहिला. मग ओशाळून म्हणाला, "चाबी काय करू? भंगार म्हनून घेतली हाय. नंबर रद्द होनार, रस्त्यावर आनायची नाय असा कागद दिलाय साहेबानं. कापायची हाय."

"कंधी?" ठमीनं विचारलं.

"आजच. जागा खाली करायची हाय."

दोन माणसांनी गॅसची नळकांडी लोटत आत नेली. टेम्पोशी वाकून त्यांनी काहीतरी पेटवलं आणि निळी, बारीक ज्योत फुसफुसली. सखा चावी मुठीत धरून बघत राहिला. बोनेटवरचा रंग आधी फुगला, मग करपला. ठमीनं डोळे मिटले नाहीत. शेत पाण्याखाली गेलं तेव्हाही तिनं मिटले नव्हते.

तेवढ्यात फाटकात घरघर झाली. पोलिसांची गाडी दोरखंडानं एक रिक्षा ओढत आली. रिक्षा जवळपास नवी होती. पुढच्या काचेवर झेंडूची माळ होती, सकाळीच घातलेली, अजून ओली. हवालदारानं ती एका मोकळ्या कोपऱ्यात ढकलून घेतली आणि फाटक लावलं.

ठमी गर्रकन वळली. रस्त्यावर बसची वाट बघणारी माणसं उभी होती, पलीकडे चहाची टपरी होती, सायकलवरून कारखान्याचे कामगार जात होते.

"कुनाची रिक्षा हाय ही?" ती ओरडली. "आवो, कुनाची हाय? आजच या! लिवून द्या!"

चारदोन माणसांनी तिच्याकडे बघितलं. मग बस आली आणि ती माणसं चढून निघून गेली.