दोनदा विकत घेतलेला टोमॅटो

दोघी बहिणींतली थोरली लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे वजन केल्याशिवाय तिला घरीही चैन पडत नसे. लॅबला जायला दोन बस बदलाव्या लागत. जवळच एक खोली मिळत होती, भाडं आत्ताच्याएवढंच, पण स्वयंपाकघर नाही. आणि धाकटीचा तर सगळा जीव स्वयंपाकघरात. भांडून भांडून दोघींचे घसे बसले, तेव्हा कुठे ठरलं: एक महिना सगळं बाहेरून मागवायचं, एक महिना घरी करायचं. मागवणं स्वस्त पडलं तर मुकाट्याने सामान बांधायचं.

मागवण्याचा महिना मजेत गेला. धाकटीला मात्र बिलं वाचायचा नाद लागला. जेवणाच्या किमतीखाली डिलिव्हरीचे पैसे, त्याखाली प्लॅटफॉर्म फी, डब्यांचे वेगळे, वर कर. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून दोघी एखादं जास्तीचं मागवत आणि दुसऱ्या दिवशी ते टाकून देत. काय ही हुशारी बाई! सवलती वजा जाता दहा हजार एकशे चाळीस झाले.

घरच्या महिन्यात ताईने ओट्यावर काटा मांडला. पिवळी पडलेली कोथिंबीर, मऊ झालेले टोमॅटो, उरलेला भात, जे केरात जाई ते आधी काट्यावर. वजन, किंमत, तारीख, सगळं वहीत.

महिना संपला. डब्यांत उरलेलं वजा करून किराणा-भाजी नऊ हजार एकशे पन्नास, गॅस साडेपाचशे, आणि वाया गेलेलं आठशे सत्तर. दहा हजार पाचशे सत्तर! ताई शांतपणे म्हणाली की घरचंच महाग पडलं. धाकटीने ओट्याकडे पाहिलं. आता हा ओटा सुटणार.

पण तिचा वाचायचा नाद काही सुटेना. वहीवर बोट ठेवत ती खाली उतरत गेली आणि एका ओळीवर थांबली.

"ताई, हा टोमॅटो आपण दोनदा विकत घेतला का गं?"

ताईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सडलेल्या भाजीचे पैसे भाजीच्या बिलात आधीच आले होते. इतकी काटेकोर बाई, आणि तेच पुन्हा वर जोडून बसली! खरी बेरीज नऊ हजार सातशे. धाकटी जिंकली होती.

तिने खुशीत पानं उलटली आणि तिचं हसू हळूहळू विरलं. उरलेला भात, उरलेली भाजी, तारखा सगळ्या मंगळवार-शुक्रवारच्या. त्या दिवशी ताईची लॅबमधली पाळी उशिरा संपे. दोन बस बदलून ती घरी येई आणि न जेवताच झोपी जाई. टाकलेलं ताट दर वेळी तिचंच होतं. हे महिनाभर डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसलं नाही, याची धाकटीला लाज वाटली.

"लॅबजवळ ओटा असलेली जागा बघू या," ती म्हणाली. "लहान असली तरी चालेल."

"भाडं जास्त पडेल."

"पडू दे. शुक्रवारी तू जेवशील ना."