मावशीचा मौनाचा वार आणि व्हिसावाले सर

"ज्या दिवशी बोलायचं नाही, त्या दिवशी नुसतं तोंड मिटून बसू नकोस. कान उघडे ठेव."

मावशीने मौनाचा वार पहिल्यांदा धरला, तेव्हा तिच्या सासूबाईंनी हे बजावलं होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण नेम मोडला नाही. आठवड्यातला तो एक वार, सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत, मावशी एक शब्द बोलत नाही. खुणाही करत नाही. सासूबाईंच्या मते खुणा म्हणजे हातांची बडबड.

घरात हा वार सगळ्यांना पाठ. धाकट्या बहिणीच्या मुलाला तर जरा जास्तच. हा भाचा वेल्डर. पटकन पेटतो, पटकन विझतो, म्हणून सगळे त्याला ठिणगी म्हणतात. त्याला परदेशात, एका जहाज बांधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. म्हणजे एका कन्सल्टंटने लावली होती. नियुक्तीपत्र फोनवर आलं होतं, आता फक्त पासपोर्ट आणि पहिला हप्ता द्यायचा होता. त्याच्या आईने अट घातली, घरातलं कोणीतरी मोठं माणूस बरोबर ने. ठिणगीने विचार केला. काका नेले तर शंभर प्रश्न, मामा नेले तर भांडण. मग त्याने वार पाहिला आणि मावशीला न्यायचं ठरवलं.

"तू नुसती बस, मावशी. बाकी मी बघतो," रिक्षात तो म्हणाला. मावशीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात पासपोर्ट, आणि मायलेकांनी साठवलेले सगळे पैसे. तिने पिशवीचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळला. एवढंच तिचं उत्तर.

ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या वर होतं. भिंतीवर उंच इमारतींची चित्रं, आणि चार देशांची वेळ दाखवणारी चार घड्याळं. त्यातली तीन बंद होती. बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, बोटाला अजून अंगुस्तान तसंच. त्यांना तयार कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी मिळणार होती आणि त्या उद्या सकाळी पैसे भरणार होत्या. ठिणगीला त्या हळूच म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही हो. तुमचं नीट झालं की नाही, तेवढं मला पैसे भरायच्या आधी सांगाल?"

"सांगतो की," ठिणगी म्हणाला. मग आतून बोलावणं आलं.

कन्सल्टंट सर इस्त्रीच्या शर्टात, दोन मोबाइल समोर ठेवून बसले होते. पिशवी कोणाच्या मांडीवर आहे हे त्यांनी बसल्याबसल्या ओळखलं आणि खुर्ची मावशीकडे वळवली. इंटरव्ह्यू नाही, परीक्षा नाही, व्हिसाची शंभर टक्के गॅरंटी, असं सांगून त्यांनी सरकारी फी धरून हप्त्याचा आकडा सांगितला. मावशी शांतपणे बघत राहिली.

सरांना वाटलं, बाई मुरलेल्या आहेत. त्यांनी आकडा थोडा उतरवला. मावशी बघत राहिली. ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे, असं ते म्हणाले. तरी काही होईना, तेव्हा आकडा निम्म्यावर आला. ठिणगीला आधी मजा वाटली. आईला सांगायला हवं, न बोलता पैसे वाचवले मावशीने. मग त्याच्या मनात आलं, सरकारी फी अशी उतरते का?

"मावशी, तुम्हाला काळजी मुलाची, हो ना?" सर पुढे झुकले. "तिकडे मुलगा आधी फिरायच्या व्हिसावर जाईल. कामाचा व्हिसा तिथे गेल्यावर करून घेऊ. सगळे तसंच करतात."

ठिणगी खुर्चीत सरळ झाला. त्याच्या कारखान्यातले उस्ताद तिकडे सात वर्षं काढून आलेले. फिरायच्या व्हिसावर काम करताना पकडलं तर तुरुंग, नाहीतर परत पाठवणी, हे त्यांनी डबा खाताना किती वेळा सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

"सर, वेल्डिंग कुठलं आहे? पाइपचं की प्लेटचं? टेस्ट कधी?"

"सगळंच वेल्डिंग असतं तिथे," सर म्हणाले, आणि पुन्हा मावशीकडे वळले. मावशीने नुसता श्वास घेतला. सरांना तो नकार वाटला. त्यांनी खण उघडून दुसरं पत्र काढलं. "मावशींना समुद्र नको असेल तर हरकत नाही. वाळवंटातली कंपनी आहे. देश वेगळा, पगार तोच."

दोन देश, दोन कंपन्या आणि खाली सही एकाच वळणाची. ठिणगीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एरवी तो इथेच पेटला असता. पण शेजारी मावशी अशी स्वस्थ बसली होती की पेटायला जागाच नव्हती. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, पैसे कंपनीच्या खात्यात भरायचे ना? पावती मिळेल ना? सरांनी मोबाइलवर एक कोड दाखवला. खातं त्यांच्या मेहुणीच्या नावावर होतं. पावती नंतर.

"बरं," ठिणगी म्हणाला. "आईला दाखवायला मावशीचा एक फोटो काढतो तुमच्या ऑफिसात."

मावशी भिंतीवरच्या फ्रेमखाली उभी राहिली. सर आनंदाने कॉलर नीट करून शेजारी आले. फ्रेममध्ये परवाना होता, आणि फोटोत परवान्याचा नंबर सरांपेक्षा स्वच्छ आला. उद्या येतो, असं सांगून दोघं उतरले. पिशवीचा बंद अजून मनगटालाच होता.

खाली झेरॉक्सच्या पायरीवर बसून ठिणगीने सरकारच्या संकेतस्थळावर परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या परवानाधारकांची यादी उघडली. नंबर खरा होता. पण तो दुसऱ्याच गावातल्या, दुसऱ्याच नावाच्या संस्थेचा. सरांच्या कार्डावरचा फोन त्याने लावला नाही, यादीतला लावला.

"आमची तुमच्या गावात शाखाच नाही," पलीकडची बाई थकल्या आवाजात म्हणाली. "आमच्या परवान्याचा नंबर वापरून कोणीतरी फिरतंय, आम्ही तक्रार केली आहे. तुमच्याकडे फोटो असेल तर तुम्हीही करा."

मग त्याने जहाजवाल्या कंपनीची साइट स्वतः शोधली. पत्रातला ईमेल फुकटच्या खात्याचा होता, साइटवरचा कंपनीच्या नावाचा. तिथे पत्र पाठवून विचारलं. उत्तर संध्याकाळी, घरी निघता निघता आलं. पत्र आमचं नाही, आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि टेस्टशिवाय वेल्डर घेत नाही. वेल्डरच्या जागा निघाल्या की साइटवरच टाकतो.

वाटेत पोलीस चौकीत जाऊन, फोटो आणि कंपनीचं उत्तर दाखवून, फोनवर कळलेलं सांगून त्याने तक्रार लिहून दिली. घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. मावशीने देवापुढे समई लावली, हात जोडले, आणि पिशवी बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"मी काहीच बोलले नाही ग," ती म्हणाली. "तेच बोलत होते. त्यांना वाटलं, मी घासाघीस करतेय."

बहीण हसता हसता डोळे पुसू लागली. ठिणगी मात्र हसला नाही. त्याला बाकावरचं ते अंगुस्तान आठवत होतं. ऑफिसातून निघताना बाक रिकामा होता, आणि बाईंचा ना पत्ता ना फोन.

सकाळी मावशी जपाला बसली तेव्हा बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. ठिणगीने चपला हातात घेऊन दार लोटलं, कडीचा आवाज होऊ दिला नाही. ऑफिस उघडायला वेळ होता. पण जिना एकच होता, आणि त्या बाई त्याच जिन्याने वर जाणार होत्या.