पद सोडलं, कंपनी नाही

नीलकंठ वैरागडेच्या हाताखाली बावीस माणसं होती आणि त्यांपैकी एकाचीही सुट्टी त्याला नामंजूर करता येत नसे. रायपूरच्या भनपुरीत धर्मकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत तो सर्व्हिस हेड होता. धर्मकाटा म्हणजे अख्खा ट्रक वर चढवून वजन करतात तो. राइस मिल, खाण, स्टीलचा कारखाना, जिथे ट्रक तिथे काटा, आणि काटा बिघडला की फोन वैरागडेंना. सतरा वर्षं तो स्वतः जाऊन काटे दुरुस्त करायचा. ते त्याला इतकं उत्तम जमायचं की कंपनीने बक्षीस म्हणून ते काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला साहेब केलं.

साहेबकीची तीन वर्षं झाली होती. कोणाला कोरब्याचा दौरा नको असायचा, कोणाला जगदलपूरचा. दोघांना एकाच दिवशी साळीचं, म्हणजे मेहुणीचं, लग्न असायचं. सोमवारच्या बैठकीत पडद्यावर आलेख यायचा, तो खाली का गेला हे नीलकंठला सांगावं लागायचं, आणि तो का खाली गेला हे त्याला खरंच ठाऊक नसायचं.

धानाच्या हंगामात आरंगजवळच्या एका मिलमधून तक्रार आली. ट्रक पुढे उभा केला तर एक वजन, मागे घेतला तर दुसरं. दोन तंत्रज्ञ जाऊन आले, वायर बदलून आले, फरक तसाच. शेवटी नीलकंठ गाडी काढून स्वतः गेला. प्रमाणित वजनं एकेका कोपऱ्यावर ठेवून पाहिली, मग काट्याखालच्या खड्ड्यात उतरला आणि टॉर्च घेऊन दोन तास पाठीवर पडून राहिला. डाव्या कोपऱ्यात प्लॅटफॉर्म आणि काँक्रीटच्या कडेच्या मध्ये लिंबाएवढी गिट्टी, खडीचा एक दगड, अडकली होती. थोडंसं वजन ती गिट्टीच खाऊन टाकत होती. ती काढली, चारही कोपरे पुन्हा तपासले. सगळीकडे एकच आकडा. मिलच्या मुनीमजींनी चहा पाजला. गाडीत ठेवलेल्या फोनवर एकोणीस मिस्ड कॉल होते आणि तीन बैठका होऊन गेल्या होत्या. नीलकंठ चिखलाने माखलेल्या शर्टात गुणगुणत परत आला.

त्या संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या घरी त्याने बायकोला सांगितलं, "ममता, मले हे पद सोडायचं आहे."

"नोकरी?"

"नोकरी नाही वं. पद. मले पुन्हा काट्यावर जायचं आहे. तिथेच, त्याच कंपनीत."

ममता नवा रायपूरला एका सरकारी खात्यात टिपण्या लिहायची. पगाराचं काय, हे तिने आधी विचारलं. हेडचा भत्ता जाईल, मूळ पगार बहुतेक राहील, असं त्याने सांगितलं. मुलीच्या, स्वरदाच्या, कॉलेजचं जमतं का, हे दोघांनी बसून पाहिलं. जमत होतं.

"मंग लिहून द्या," ममता म्हणाली. "नुसतं काहून बोलून राहिले?"

त्याने लिहिलं. चार पानं. त्यात त्याचा रक्तदाब होता, आईचा गुडघा होता, कंपनीचे उपकार होते आणि 'मी या पदाला लायक नाही' हे वाक्य तीनदा होतं. ममताने पेन्सिल घेतली.

"रक्तदाब काढा. आई काढा. अन् 'लायक नाही' हे तर सगळ्यात आधी काढा. उद्या वरच्यांनी विचारलं, लायक नव्हते तर तीन वर्षं काय करून राहिले होते, तर काय सांगाल?"

"मंग उरलं काय?"

"तारीख."

स्वरदा आतून म्हणाली, "पापा, रहने दो, आप मैसेज कर दो ना."

दुसरा मसुदा ममता रविवारी बघणार होती. नीलकंठला धीर नव्हता. सकाळी ऑफिसात त्याने कंपनीचं पोर्टल उघडलं. 'पदात बदल' अशा शीर्षकाखाली तीनच पर्याय होते: बढती, बदली, राजीनामा. बढतीचा तर प्रश्नच नव्हता. बदली म्हणजे दुसरं गाव. उरलं ते त्याने दाबलं. कारणाच्या चौकटीत एकच ओळ मावत होती. त्याने लिहिलं: 'सर्व्हिस हेड पदातून मुक्त व्हायचं आहे. धन्यवाद.'

मिनिटभरात उत्तर आलं. नोटीस नव्वद दिवस. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करावं. एक्झिट इंटरव्ह्यू गुरुवारी अकरा वाजता. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

दुपारच्या चहापर्यंत सगळ्या भनपुरीला कळलं. एका तंत्रज्ञाने गळ्यात पडून "भैया, हमको भी ले चलो" म्हटलं. स्टोअरवाल्याने त्याच्या खुर्चीचं माप डोळ्यांनीच घेतलं. चार वाजता मालकांचं बोलावणं आलं.

दयारामजींनी दार लावून घेतलं. "नागपूर वाली कंपनी ने कितना बोला?"

"किसी ने कुछ नहीं बोला, सर."

"तो डेज़िग्नेशन चाहिए? असिस्टंट जनरल मैनेजर कर देते हैं."

"सर, मुझे नीचे आना है."

दयारामजी हसले. मग गंभीर झाले. हा माणूस सौदा करण्यात आपल्या अंदाजापेक्षा पक्का निघाला, असं त्यांना वाटलं असावं. "ठीक है. डेप्युटी जनरल मैनेजर. इसके ऊपर मत जाना."

नीलकंठ खाली यायला गेला होता, तो दोन पायऱ्या वर जाऊन बाहेर पडला.

गुरुवारी श्रावणी फॉर्म घेऊन बसली. ती एचआरची प्रमुख, अमरावतीची, कंपनीत दोन वर्षांपूर्वी आलेली. तिने पहिला प्रश्न वाचला. "कंपनी सोडण्याचं मुख्य कारण?"

"सोडून नाही राहिलो."

"मग हा अर्ज?"

"दुसरा पर्याय नव्हता त्या पोर्टलवर."

श्रावणीने पेन खाली ठेवलं आणि आधी ती पोटभर हसली. मग लगेच उठून दार लावलं. "सर, तुमचा राजीनामा अजून मंजूर झालेला नाही. तो आत्ता, इथेच बसून, लेखी मागे घ्या. एकदा मंजुरीची सही झाली, तर मागे घ्यायलाही मालकांची परवानगी लागेल. उद्या तुमच्या नोकरीत खंड पडला तर सतरा वर्षं आणि वरची तीन तिथेच संपली, ग्रॅच्युइटीची मोजणी पुन्हा शून्यापासून."

नीलकंठने तिथेच मेल लिहिली. त्याचे कान लाल झाले होते.

"आता पत्र," श्रावणी म्हणाली. "सर, मॅनेजमेंटला तुमचं मन जाणून घ्यायचं नसतं. त्यांना भीती असते. हा रुसला का, याला कुणी ढकललं का, हा सहा महिन्यांनी जाणार का, आणि तोवर फोन कोण उचलणार. तेवढ्याचं उत्तर द्या. आणि पहिल्याच ओळीत, काय सोडता आणि काय सोडत नाही, ते एका दमात."

यावेळी त्याने ममताला बाजूला बसवूनच लिहिलं. एकच पान झालं.

'आदरणीय महोदय,

मी सर्व्हिस हेड या पदाची जबाबदारी सोडू इच्छितो आणि कंपनीतच वरिष्ठ कॅलिब्रेशन तंत्रज्ञ म्हणून काम करू इच्छितो. हा निर्णय पूर्णपणे माझा आहे. कोणाविषयी तक्रार नाही, आणि बाहेर कुठेही बोलणं चालू नाही.

तीन वर्षांत माझ्या लक्षात आलं की माझा सर्वांत जास्त उपयोग काट्यावर होतो. कठीण तक्रारी सोडवणं आणि नव्या तंत्रज्ञांना जागेवर शिकवणं, ही दोन कामं मी हेड असताना पुरेशी करू शकलो नाही.

हंगाम संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, मी सध्याचं काम पूर्ण सांभाळेन. त्या काळात ग्राहकांची यादी, वार्षिक करार आणि मूल्यमापनाचे फॉर्म नव्या हेडकडे सोपवेन. या जागेसाठी मी पद्मिनी यांचं नाव सुचवतो. पदाशी जोडलेला भत्ता जाईल, याची मला कल्पना आहे. नवी श्रेणी आणि वेतन लेखी ठरावं व नोकरी अखंड धरली जावी, ही विनंती.'

ममताने पेन्सिल हातात धरली होती, पण चालवली नाही. "एवढंच आधी लिहिलं असतं तर," असं म्हणून ती कुकरकडे गेली.

श्रावणीने वाचून मान डोलावली आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं. "पद्मिनी मॅडमला विचारलं?"

नीलकंठने विचारलं नव्हतं. पद्मिनी दौऱ्यांचं वेळापत्रक लावायची. त्याला गेली तीन वर्षं कळत नसलेला आलेख तिला कळायचा. तिला आनंद होणार, हे त्याने धरूनच चाललं होतं. त्याने पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"सर, तुम्ही माझ्यासाठी ठरवून टाकलं? मले एका शब्दानं तरी इचारलं काय?"

"मले वाटलं तुले आवडेल."

"आवडेल ना. पण इचारायचं तर." ती खुर्ची ओढून बसली. "करते. दोन अटी आहेत. मी पोट्ट्यांना कोरब्याला पाठवलं अन् ते तुमच्याकडे रडत आले, तर तुम्ही त्यांना माझ्याकडेच पाठवायचं. अन् बैठकीत मी बोलत असताना तुम्ही असं करायचं नाही." तिने भुवया वर करून, ओठ दाबून, सुस्कारा सोडून दाखवला.

"मी असं करतो?"

"दर सोमवारी."

पत्रात तेवढा बदल झाला: 'पद्मिनी यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने.'

दयारामजींनी पत्र दोनदा वाचलं. श्रावणी शेजारी बसली होती. "ये तो समझ में आया," ते म्हणाले, जरा हिरमुसून. कोणी खाली येऊ मागतं, याची त्यांना सवय नव्हती. "पर बाजार में लोग बोलेंगे, दयाराम ने वैरागडे को सज़ा दी."

"सर, तो पहले हम बोल देते हैं," श्रावणी म्हणाली. तिने ग्राहकांसाठीचं पत्र तयारच आणलं होतं. कठीण कामांसाठी वैरागडे आता स्वतः जागेवर येतील, असं त्यात होतं. 'पदावनती' हा शब्द कुठेच नव्हता, कारण ती झालीच नव्हती.

दयारामजींचा चेहरा उजळला. "ये तो विज्ञापन हो गया!" मग ते नीलकंठकडे वळले. "और छह महीने बाद कुर्सी याद आई तो?"

"वो लिखना रह गया, सर. वापस माँगूँगा नहीं."

"मुख्य तकनीकी सलाहकार लिख दें? वरिष्ठ तंत्रज्ञ छोटा लगता है."

"सर, छोटा ही चाहिए."

मूळ पगार राहिला, भत्ता गेला, नेमणुकीचं नवं पत्र आलं. त्यावर नोकरीला लागल्याची जुनीच तारीख होती, ती ममताने स्वतः तपासली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नीलकंठ बैठकीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. सवयीने सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तोही सवयीने घसा खाकरून तोंड उघडणार होता. पद्मिनी उभी राहिली होती. नीलकंठने समोरचं बिस्किट उचललं आणि अख्खंच तोंडात घातलं. मग कुणाला त्याच्याकडून शब्दाची आशा उरली नाही.

पद्मिनीने आलेख लावला, तो का खाली गेला ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि दौऱ्यांची यादी वाचली. एकाने साळीचं लग्न काढलं.

"गेल्या वर्षी झालं ना तिचं?" पद्मिनीने विचारलं. तो खाली बसला.

"वैरागडेजी, तुम्ही रायगढ. चार दिवस. खाणीतला काटा आहे, दोघे जण हरून आले. सोबत नवीन पोट्टीला घेऊन जा, तिला कोपरे तपासायला शिकवा."

चार दिवस फार होतात, दोन पुरतील, असं नीलकंठच्या तोंडावर आलं होतं. पण बिस्किट अजून संपलं नव्हतं.

"हव," त्याने कसाबसा होकार भरला, आणि तो टॉर्चचे सेल आणायला उठला.