अद्याप सापडला नाही

ऑडिटरने नोकरी संपलेल्या काही कामगारांचे कागद नमुन्यादाखल मागवले होते आणि उत्तराचं पत्र वहिनी लिहीत होत्या. नवरा याच कंपनीत होता, म्हणून हिशेब खात्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. राजीनामे, अखेरच्या पगाराचे कागद सापडले. त्यांच्यापुढे ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून झालं. राहिला एकच, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. त्यापुढे वहिनींनी लिहिलं, ‘अद्याप सापडला नाही.’

“दुसरी प्रत काढून आणू का?” खात्याच्या साहेबांनी हळूच विचारलं.

“काही गरज नाही!” वहिनी कडाडल्या. “हरवायला दाखला काय छत्री आहे?”

मग त्यांनी आपल्या टेबलाचा खण उघडला. दाखला वर्षभर तिथेच होता. एकदा फाइलला लावला की माणूस गेलाच, म्हणून त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नव्हता.

पत्रातली ओळ त्यांनी बदलली. झेरॉक्स स्वतःच काढून मूळ कागद पुन्हा खणात ठेवला. झेरॉक्सवर मूळ कागद पाहणाऱ्याची सही लागते आणि तो पाहिला होता फक्त वहिनींनी.

“मी लिहितो, तुम्ही नुसती सही करा,” साहेब म्हणाले. ‘मूळ दाखला पाहिला, मजकूर खरा आहे,’ एवढं लिहून त्यांनी पेन पुढे केलं.

ते घ्यायला वहिनींचा हातच उठेना.