आतली फट

दादा घोट्याच्या बाबतीत माझा पहिला पेशंट. मी शिकत असताना त्याचाच पाय मांडीवर घेऊन मी नियम पाठ केला होता: घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडा दाबायच्या, टोकं दाबायची, पेशंटला चार पावलं चालवायचं. कुठेच हाड दुखलं नाही आणि चालता आलं, तर एक्स-रे नको. तेव्हापासून हा नियम त्यालाही तोंडपाठ.

दोन दिवसांनी त्याची अग्निशमन दलाच्या भरतीची धावण्याची चाचणी होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. सराव करताना पाय मुरगळला आणि तो लंगडत माझ्या अपघात विभागात आला.

"दुखतं?"

"नाही."

कडा दाबल्या, टोकं दाबली. चेहरा मख्ख. चार पावलं चालूनही दाखवली, घाम मात्र कपाळावर. नियमात दादा काठावर पास झाला. पण आतल्या बाजूची सूज मला काही केल्या पटेना, म्हणून मी एक्स-रे फोटो काढायला पाठवलंच.

पडद्यावर घोट्याची दोन्ही हाडं शाबूत. त्याने मागून डोकावून पाहिलं.

"बघ, मोडलेलं काही नाही. लिही मुरगळ."

मीही तेच लिहायला निघाले होते, मला हवंच होतं ते. मग पाय जरा आत वळवून काढलेला फोटो पाहिला. सांध्याच्या वरची फट बारीक, सगळीकडे सारखी. घोट्याच्या आतल्या हाडाशेजारची मात्र जवळजवळ दुप्पट. हाडांना जोडणारा आतला अस्थिबंध तुटल्याशिवाय हाड असं सरकत नाही. आणि एवढा जोर गेला असेल, तर तो कुठेतरी बाहेर पडणारच.

मी गुडघ्याखाली, बाहेरच्या बारीक हाडावर बोट ठेवलं. तिथला सराव आम्ही कधी केलाच नव्हता. दादा विव्हळला. तिथला फोटो काढला, तर हाड तिरकं मोडलेलं.

"शस्त्रक्रिया लागेल," मी म्हणाले. "आत्ता धावलास तर सांधा कायमचा जाईल."

"परवानंतर करू. तू फक्त मुरगळ लिही."

"दादा, नाही जमणार."

"मग दुसरा डॉक्टर बोलव."

बोलावला. अस्थितज्ज्ञ माझ्यापेक्षा अनुभवी, स्वभावाने तिखट. त्यांनी फट पाहिली, वरचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "उद्या सकाळी शस्त्रक्रियेला घेऊ."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. माझ्या दोन्ही बाजूंना दादाच होता. मी पायाच्या मागच्या बाजूने प्लास्टर लावलं, पाय उशीवर ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आईला तूच सांग," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "आणि मी चाचणीत नापास झालो असं म्हणू नकोस. मला तू बसूच दिलं नाहीस."

मी फोन हातात घेऊन दाराबाहेर आले. आईने पहिल्याच रिंगला उचलला आणि विचारलं, "काय गं, धावेल ना तो?"